वजन घटवण्याच्या प्रश्नात ५०० किलोकॅलरी नेमक्या कशातून वजा करायच्या?

रेवती_अभ्यास

नमस्कार. आहारशास्त्र पदविकेच्या सराव प्रश्नसंचात हा प्रश्न आहे. आमच्या गटात तिघींची तीन उत्तरं आली आहेत.

"४२ वर्षांची महिला, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो, कंबर ९२ सेंमी, बैठं काम, शाकाहारी, कोणतंही औषध चालू नाही. (अ) लठ्ठपणाचं वर्गीकरण करा. (ब) ऊर्जेची गरज काढून वजन कमी करण्याची सुरक्षित योजना द्या. (क) पहिल्या दोन आठवड्यांत वजन २.५ किलोने उतरलं, तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही. ऊर्जा संतुलनाच्या आधारे कारण सांगा आणि सल्ला द्या."

माझं उत्तर असं: बीएमआय २९.६ म्हणजे 'अतिवजन'. आदर्श वजन १५८ − १०० = ५८ किलो. ५८ × २५ = १४५०. वजन कमी करायचं आहे म्हणून त्यातून ५०० वजा, म्हणजे ९५० किलोकॅलरी.

एका मैत्रिणीने आयसीएमआरच्या तक्त्यातले बैठ्या कामाच्या स्त्रीचे १६६० धरून ५०० वजा केले, तिचे ११६० आले. दुसरीने १४५० वरच थांबवलं. बरोबर कोण?

गिरीश_के

११६० बरोबर. तक्ता अधिकृत आहे, परीक्षक तोच उघडून बघणार. १६६० गरज, त्यातून ५०० वजा, आणि ७७०० किलोकॅलरीला एक किलो या हिशोबाने आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणार. यापेक्षा जास्त गुंतागुंत करू नका.

शुभदा_नाशिक

गिरीश, ५०० ची तूट आणि अर्धा किलो हा संबंध तुम्ही बरोबर सांगितलात. चूक आहे ती १६६० मध्ये. २०२० च्या तक्त्यातली ती स्त्री ५५ किलोची आहे आणि प्रश्नातली बाई ७४ किलोची. १९ किलो जास्तीचं शरीर उठताना, चालताना आणि नुसतं बसलेलं असतानाही ऊर्जा खर्च करतं. तक्त्यातला आकडा निरोगी वजनाच्या माणसाचं वजन आहे तिथेच राहावं यासाठी आहे. या बाईचं आज काय चाललंय, ते त्यातून कळत नाही.

रेवती, आधी तिचा आजचा खर्च काढा. ३० ते ६० वयाच्या स्त्रीसाठी आयसीएमआरचं जुनं समीकरण ८.३ × वजन + ७८८ असं आहे.

८.३ × ७४ + ७८८ = १४०२. हा झाला विश्रांतीतला खर्च. बैठ्या कामासाठी १.४ ने गुणा, म्हणजे सुमारे १९६०. एवढं खाल्लं तर तिचं वजन साधारण ७४ वरच राहील. आता ५०० वजा करा: १४६०, म्हणजे सोयीसाठी १४५०.

आता तुमच्या मधल्या ओळीकडे बघा. ५८ × २५ = १४५०. दोन्ही वाटांनी आकडा तोच आला. कारण आदर्श वजनाला २५ ने गुणता तेव्हा तूट त्या गुणाकारातच येऊन जाते: वजन ७४ चं न धरता ५८ चं धरलेलं असतं. त्यातून पुन्हा ५०० काढले की तूट दोनदा वजा होते. या प्रश्नात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. उत्तर अगदी नीटनेटकं दिसतं, म्हणून लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही.

तेव्हा दोनपैकी एकच वाट धरा. प्रत्यक्ष वजनावरून खर्च काढून तूट वजा करा, नाहीतर आदर्श वजनाला २० ते २५ ने गुणून तिथेच थांबा.

रेवती_अभ्यास

कळलं ताई. पण ९५० असुरक्षित का, ते लिहिताना अडते. खर्च १९६० आणि आहार ९५०, म्हणजे तूट १०१० ची. आठवड्याला ७०७० भागिले ७७००, म्हणजे ०.९२ किलो. पुस्तकात "आठवड्याला अर्धा ते एक किलो सुरक्षित" असंच असतं. मग ९५० बसतंच की त्यात?

शुभदा_नाशिक

नेमका प्रश्न विचारलात. उतरण्याचा वेग हा सुरक्षिततेचा एकच निकष आहे. दुसरा निकष म्हणजे उरलेल्या आहारात काय काय मावतं. ११० किलोच्या पुरुषाने रोज १००० कमी केले तरी त्याच्या ताटात १६०० च्या आसपास उरतात. या बाईने तेवढेच कमी केले तर ९५० उरतात. वेग सारखा, पण ताट वेगळं.

९५० मध्ये तिला सुमारे ७० ग्रॅम प्रथिनं, १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि २९ मिग्रॅ लोह बसवून दाखवा, तेही शाकाहारात. प्रथिनं एक वेळ जमतील, लोह जमणार नाही. तिची पाळी चालू असेल तर लोहाची ही कमतरता लवकर जाणवते. प्रथिनं कमी पडली की उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. काटा खाली जातो, पण विश्रांतीतला खर्चही त्याच्याबरोबर उतरतो.

म्हणून उत्तरात लिहा: देखरेखीशिवाय स्त्रीसाठी साधारण १२०० आणि पुरुषासाठी १५०० च्या खाली योजना देऊ नये. ८०० च्या खालचे आहार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. हे कारण फार थोडे विद्यार्थी लिहितात, आणि ते लिहिलेलं उत्तर लगेच वेगळं उठून दिसतं.

मंदार_पी

(अ) राहूनच गेला. बीएमआय २९.६ ला नुसतं 'अतिवजन' लिहिलं तर भारतीय परीक्षेत अर्धे गुण जातील.

हिशोब दाखवा: १.५८ चा वर्ग २.४९६, ७४ भागिले २.४९६ = २९.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात हे लठ्ठपणाच्या अलीकडे आहे, कारण तिथे लठ्ठपणा ३० पासून धरतात. भारतीयांसाठी २००९ च्या एकमत निवेदनात २३ ते २४.९ अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे ही बाई लठ्ठपणात मोडते, आणि सीमेवर नाही, चांगलीच आत आहे. कारण एका वाक्यात द्या: त्याच बीएमआयला भारतीयांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं, विशेषतः पोटात, आणि मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो.

एक गोंधळ हमखास दिसतो. आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची सीमा २७.५ असं काही जण लिहितात. २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे २००४ मध्ये सुचवलेले सार्वजनिक आरोग्याच्या कृतीसाठीचे टप्पे आहेत. ते भारतीय वर्गीकरणात मिसळू नका.

आणि कंबर ९२ उगाच दिलेली नाही. भारतीय स्त्रीसाठी ७२ ला सावध व्हायचं, ८० ला उपचाराकडे वळायचं. पुरुषांसाठी हेच आकडे ७८ आणि ९०. कंबर भागिले उंची काढली तरी ०.५८ येते, ०.५ च्या वर. एवढं लिहिलंत की "पोटाचा लठ्ठपणा" हा शब्द उत्तरात आपोआप येतो.

आनंदी_१९

छान चर्चा. माझं वय ६१, उंची १५५, वजन ७०. थायरॉईडची गोळी आणि साखरेची गोळी चालू आहे. मग मी पण १४५० घेऊ का? उद्यापासूनच सुरू करते.

शुभदा_नाशिक

आनंदीताई, कृपा करून उद्यापासून सुरू करू नका. इथला आकडा ४२ वर्षांच्या, औषध न घेणाऱ्या बाईसाठी कागदावर काढलेला आहे. साखरेच्या काही गोळ्या चालू असताना खाणं एकदम कमी केलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून गोळीचा डोस बघावा लागतो, मग आहार बदलतात. साठीनंतर स्नायू टिकवणं हाही मोठा भाग असतो, त्यामुळे हिशोबच वेगळा होतो. तुमच्या गोळ्यांची नावं लिहून घ्या आणि आहारतज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्या.

रेवती, प्रश्नात "कोणतंही औषध चालू नाही" हे का दिलंय ते यावरून लक्षात येईल. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या, गरोदरपण, स्तनपान, यांपैकी काही असतं तर (ब) चं उत्तर बदललं असतं. योजनेच्या वर एका ओळीत तसं लिहून टाका.

रेवती_अभ्यास

आता योजना. १४५० मध्ये प्रथिनं ७०, चरबी ४०, कर्बोदकं २०० ग्रॅम असं मी वाटून घेतलं. २८० + ३६० + ८००, एकूण १४४०. पण ताट मांडायला बसले की प्रथिनं ५५ च्या पुढे जात नाहीत. पनीर वाढवलं तर चरबी उडी मारते.

शुभदा_नाशिक

वाटणी चांगली आहे. आदर्श वजनाला किलोमागे १.२ ग्रॅम धरलंत ते योग्यच, कारण तूट चालू असताना ०.८३ वर थांबणं बरं नाही. ताट कच्च्या वजनात मांडा. शिजवलेल्या वाटीत किती डाळ आणि किती पाणी, हे परीक्षकाला दिसत नाही.

दिवसाचं धान्य १५० ग्रॅम: न्याहारीला ३० ग्रॅम दलिया, दुपारी २५-२५ ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या आणि २० ग्रॅम तांदूळ, रात्री ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी. यातून ५१५ किलोकॅलरी आणि १५ ग्रॅम प्रथिनं.

डाळी आणि मोड आलेली कडधान्यं मिळून ७५ ग्रॅम, म्हणजे २५० आणि १७. टोन्ड दूध आणि त्याचंच दही मिळून ४०० मिली, म्हणजे २३५ आणि साडेबारा. तुमचं अडलेलं गाडं सुटतं ते ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीने. १०५ किलोकॅलरीत १५ ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जवळजवळ नाही. पनीरमध्ये तेवढ्या प्रथिनांबरोबर बरीच चरबी येते, म्हणून तुमचा हिशोब फुटत होता.

भाज्या ४०० ग्रॅम, त्यात एक पालेभाजी: सुमारे १०० आणि ६. फळ १५० ग्रॅम: ७५ आणि १. शेंगदाणे किंवा जवस १० ग्रॅम: ५५ आणि अडीच. तेल १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे: १३५.

बेरीज १४७० किलोकॅलरी, प्रथिनं ६९, चरबी ३७ च्या आसपास. लक्ष्यापासून २० चा फरक चालतो. पदार्थांच्या पोषणमूल्यात त्याहून जास्त चढउतार असतो, त्यामुळे १४५० जुळवायला अर्धा ग्रॅम डाळ कापत बसू नका.

तेल कुठे कुठे जातं तेही लिहा. न्याहारीच्या फोडणीला एक चमचा, भाजीला एक, आमटीला एक, की तीन संपले. पोळीला लावायला तूप उरत नाही. विद्यार्थी ताटात "भाजी १ वाटी" लिहितात आणि फोडणी मोजतच नाहीत. तिथे रोज शंभर-दीडशे निसटतात, आणि रुग्णाच्या घरीही नेमकं तेच होतं. ओलं खोबरं आणि दाण्याचं कूट यांचंही तसंच.

गिरीश_के

१६६० बद्दल मान्य. पण (क) सोपा आहे. चयापचय मंदावला म्हणून काटा थांबला. सल्ला: आहार १२०० वर आणा.

मंदार_पी

गिरीश, चयापचय मंदावतो हे खरं, पण तिसऱ्या आठवड्यात काटा थांबायला ते कारण पुरत नाही. आकडे घालून बघा. वजन ५ किलोने उतरलं तर समीकरणाप्रमाणे विश्रांतीतला खर्च ८.३ × ५ = ४१.५ ने कमी होतो, १.४ ने गुणून ५८. त्यावर शरीर थोडी आणखी काटकसर करतं असं धरलं, तरी ५०० ची तूट दोन आठवड्यांत शून्यावर येत नाही.

उलटी बाजू बघा. ५१० च्या तुटीवर दोन आठवड्यांत चरबीच्या हिशोबाने ०.९ किलो उतरायला हवं. उतरलं २.५. मग वरचे दीड किलो कुठून गेले? आहार कमी झाला, कर्बोदकं कमी झाली, की यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा घटतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. बाहेरचं खारट खाणं बंद झालं असेल तर आणखी थोडं पाणी. हे वजन पटकन उतरतं आणि एकदाच उतरतं.

तिसऱ्या आठवड्यात चरबी अर्धा किलो गेलीच असणार, पण पाळीच्या आधी किंवा एखाद्या खारट जेवणानंतर शरीरात तेवढं पाणी सहज थांबतं आणि काट्यावर काहीच दिसत नाही. म्हणून सल्ला असा: आहार कमी करू नका. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन घेऊन आठवड्याची सरासरी बघा, कंबर मोजा आणि निदान चार आठवडे जाऊ द्या. त्यानंतरही सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील तर आधी तेल, सुट्टीचे दिवस आणि चहातली साखर तपासा. कपात त्याच्याही नंतर.

रेवती_अभ्यास

कंबर मोजताना नाभीवर टेप धरायची ना?

मंदार_पी

नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर. पोट सुटलेलं असेल तर नाभी खाली सरकते आणि दर वेळी वेगळ्या जागी मोजलं जातं. तीन सेंमीचा फरक मोजणाऱ्याच्या हातूनच पडतो आणि आपण त्याला प्रगती समजतो.

कल्याणी_वाचते

एक शंका. ७७०० चा नियम आता चुकीचा ठरलाय असं वाचलं होतं. मग परीक्षेत लिहायचा का?

शुभदा_नाशिक

थोड्या आठवड्यांसाठी तो चालतो, वर्षासाठी चालत नाही. रोज ५०० कमी केले तर या नियमाने वर्षात २३ किलोंपेक्षा जास्त उतरायला हवेत. तसं होत नाही, कारण वजन उतरेल तसा खर्चही उतरतो आणि तूट आपोआप आकसते. २०११ मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रारूपानुसार रोजचे सुमारे २४ किलोकॅलरी कायमचे कमी केले तर शेवटी एक किलो उतरतो. त्यातला अर्धा बदल पहिल्या वर्षात होतो, बहुतेक सगळा तीन वर्षांत. म्हणजे ५०० ला पहिल्या वर्षी दहा-अकरा किलो.

परीक्षेत असं लिहा: ७७०० च्या हिशोबाने सुरुवातीला आठवड्याला सुमारे ०.४६ किलो अपेक्षित, पुढे वेग मंदावेल, दर ४-५ किलोंनंतर खर्च नव्याने काढावा. उद्दिष्ट म्हणून सहा महिन्यांत ५ ते १० टक्के द्या, म्हणजे ३.७ ते ७.४ किलो. "५८ किलोपर्यंत आणणे" हे सहा महिन्यांचं उद्दिष्ट म्हणून लिहू नका. १६ किलो म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त होतात.

कल्याणी_वाचते

आणि २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने लठ्ठपणाची व्याख्याच बदलली ना? बीएमआय एकटा पुरेसा नाही, अवयवांवर परिणाम झाला असेल तर वेगळा गट, असं काहीसं?

मंदार_पी

हो. बीएमआयबरोबर कंबरेसारखं आणखी एक माप किंवा चरबीचं थेट मोजमाप हवं, आणि अवयवांचं काम किंवा रोजचं जगणं बिघडलं आहे की नाही यावरून दोन गट, असा तो प्रस्ताव आहे. प्रश्नात रक्तदाब, साखर, सांधेदुखी काहीच दिलेलं नाही, म्हणून या बाईला कुठल्या गटात घालायचं ते ठरवता येणार नाही. शेवटी एक ओळ लिहिलीत तर चालेल. मुख्य उत्तर २००९ च्या भारतीय मर्यादांवरच ठेवा.

सुनीता_डी

मी शुभदाताईंशी एका मुद्द्यावर सहमत नाही. प्रत्यक्ष ७४ किलो धरून खर्च काढला तर तो फुगतो. जास्तीचं वजन बहुतांश चरबीचं असतं आणि चरबी स्नायूंइतकी ऊर्जा खर्च करत नाही. आम्हाला समायोजित वजन शिकवलं होतं: ५८ अधिक जास्तीच्या १६ किलोंचा चौथा हिस्सा, म्हणजे ६२. त्यावर विश्रांतीतला खर्च १३०३, १.४ ने गुणून १८२४, ५०० वजा करून सुमारे १३२५. १४५० दिले आणि वजन उतरलंच नाही, तर रुग्ण परत येत नाही.

शुभदा_नाशिक

सुनीताताई, ११० किलोच्या व्यक्तीसाठी मी तुमच्याच बाजूने असेन. तिथे ही समीकरणं खरोखर वर जातात. ७४ ला मात्र सव्वाशे किलोकॅलरीचा फरक आहे, आणि १३२५ मध्ये लोह बसवणं आणखी अवघड होतं. मी १४५० ने सुरू करून चार आठवड्यांची सरासरी बघेन.

सुनीता_डी

आणि मी १३५० ने सुरू करून, भूक फार लागली तर वाढवेन. शिवाय जुन्या पुस्तकांत बैठ्या कामाला १.५३ आहे. तो धरला तर तुमचा खर्च २१४५ वर जातो. रेवतीच्या विद्यापीठाचा परीक्षक कुठली आवृत्ती धरतो, त्यावरही बरंच अवलंबून.

रेवती_अभ्यास

आमच्या पुस्तकात १.५३ आहे आणि वर्गात १.४ सांगितलं होतं. मी प्रत्यक्ष वजन आणि १.४ असं उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहून पुढे जाते. समायोजित वजनाचं उत्तर शेवटी एका ओळीत द्यावं, की त्याने परीक्षक गोंधळेल?

सुनीता_डी

द्या. पण त्यातून पुन्हा काही वजा करू नका.

मंदार_पी

मी देणार नाही. दोन आकडे दिसले की कोणता तपासायचा हे परीक्षक ठरवतो, आणि त्यावर आपला ताबा नसतो.